धाप लागली तर वर्गात काय करायचं : मुख्याध्यापिकांना डॉक्टरांचं पत्र

दम्याच्या मुलाचे पालक जून महिन्यात डॉक्टरांकडे एक चिठ्ठी मागायला येतात. बहुतेक वेळा तिच्यात एकच ओळ असते : ‘या विद्यार्थ्याला दमा आहे, त्याला पी.टी.च्या तासातून सूट द्यावी.’ शाळा ती फाइलला लावते. पुढे एखाद्या दुपारी वर्गात त्या मुलाला धाप लागते. त्या क्षणी बाईंना हवं असलेलं त्या ओळीत काहीच नसतं. औषध कुठे आहे, किती द्यायचं, किती वेळ वाट पाहायची, ॲम्ब्युलन्स कधी बोलवायची, यातलं काहीही त्यांना सांगितलेलं नसतं. शिवाय सूट देण्याचा सल्लाही बहुधा चुकीचाच असतो.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सहावीतल्या एका मुलीसाठी तिच्या मुख्याध्यापिकांना मी पत्र लिहिलं, त्याबद्दल इथे सांगतो. या मुलीचा दमा तीव्र आहे. रोजचं प्रतिबंधक औषध चालू असूनही गेल्या वर्षी तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं होतं. एकदा असा झटका येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा तसाच झटका येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून ही माहिती पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात घातली. आईवडिलांची लेखी संमती घेतली आणि हे कुणाकुणाला कळायला हवं तेही लिहिलं : वर्गशिक्षिका, पी.टी.चे सर, ऑफिसातले शिपाई आणि स्कूलबसमधल्या मावशी. बरीच घरं ‘बाळदमा’ हा शब्द शाळेत उच्चारत नाहीत, मुलीच्या बाबतीत तर अजिबातच नाही. या मुलीच्या आईने तो संकोच बाजूला ठेवला, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

दम्यात श्वासनलिकांना आतून कायमची थोडी सूज असते. चिथावणी मिळाली की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते आणि चिकट कफ साठतो. मुलांमधली सगळ्यात मोठी चिथावणी म्हणजे साधी सर्दी. म्हणून पत्रात लिहिलं : ‘सर्दी झालेली असताना ती शाळेत आली असेल, तर तो दिवस तिच्यासाठी जोखमीचा समजावा.’ आपल्याकडे शाळा उघडते तीच पावसाळ्याच्या तोंडावर. वर्गात सर्दीचे विषाणू फिरत असतात आणि ओल आलेल्या भिंतींवर बुरशी धरते. तिचा बाक ओलीच्या भिंतीपासून दूर हलवावा, वर्ग झाडताना, कपाटं उपसताना किंवा रंगकाम चालू असताना तिला बाहेर ठेवावं, शाळेतल्या गणपतीच्या आरतीला धूप आणि उदबत्त्यांच्या धुरापासून लांब उभं करावं, आवारात पालापाचोळा जाळू नये, असं मी कळवलं. सगळी धूळ काही शाळेला हटवता येणार नाही. पण कुठल्या दिवशी आणि कुठल्या जागी लक्ष ठेवायचं, हे आधी कळलं तर अर्धं काम होतं.

खेळाबद्दल सविस्तर लिहावं लागलं. पळाल्यावर तिला धाप लागते, हे खरं आहे. तरी तिला खेळातून वगळू नका, असं मी स्पष्ट लिहिलं. तब्येत ठीक असेल त्या दिवशी मैदानावर जाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पंपाचे दोन पफ घ्यायचे, सुरुवात हळू चालण्याने करायची आणि एकदम न थांबता हळूहळू थांबायचं. सर्दी-खोकला असेल किंवा आदल्या रात्री खोकल्याने झोपमोड झाली असेल, तर त्या दिवशी पळणं नाही. सरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. व्यायामाने येणारा त्रास बऱ्याचदा खेळ थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी वाढतो. म्हणजे मैदानावर मुलगी बरी दिसते आणि त्रास सुरू होतो तो पुढच्या तासाला, वर्गात.

आता पंपाविषयी. या मुलीकडे दोन पंप आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप घरी असतो. तो सूज कमी ठेवतो, पण झटक्याच्या वेळी फक्त त्याच्यावर विसंबता येत नाही. शाळेत असतो तो सालब्युटामॉलचा, आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करणारा. त्याच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच्यासोबत स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधली प्लास्टिकची नळी, हवीच. धाप लागलेल्या मुलाला पंप दाबणं आणि त्याच क्षणी श्वास घेणं जमत नाही. मग औषध घशातच राहतं. स्पेसरमध्ये ते क्षणभर थांबतं आणि मूल नेहमीसारखा श्वास घेत ते आत ओढतं. ‘शाळेने नेब्युलायझरचं मशीन घ्यावं का?’ असं मुख्याध्यापिकांनी विचारलं होतं. त्याची गरज नाही. सौम्य आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेलं औषध तितकंच काम करतं आणि त्याला वीज लागत नाही.

पंप ठेवायचा कुठे, यावर आमचं बरंच बोलणं झालं. औषधं ऑफिसच्या कपाटात कुलुपात ठेवायची, असा त्या शाळेचा नियम होता. तो बहुतेक औषधांसाठी योग्यच आहे. पण या पंपासाठी किल्ली शोधण्यात जाणारी मिनिटं परवडणारी नाहीत. शेवटी एक संच मुलीच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आणि दुसरा ऑफिसात विनाकुलपाच्या पेटीत, असं ठरलं. मैदानावर, प्रयोगशाळेत आणि सहलीला पहिला संच तिच्याबरोबर जातो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना प्रिस्क्रिप्शनशिवाय असा आपत्कालीन पंप विकत घेऊन ठेवता येतो. आपल्याकडच्या शाळांतही तो प्रथमोपचार पेटीत असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

पत्राचा गाभा म्हणजे झटका आल्यावर करायची कृती. ऑस्ट्रेलियात शाळांना शिकवतात ती चार-चार-चारची पद्धत मी लिहून दिली, कारण घाबरलेल्या माणसालाही ती आठवते. मुलीला ताठ बसवायचं, वाटल्यास थोडं पुढे झुकू द्यायचं, आडवं करायचं नाही. पंप हलवून स्पेसरला लावायचा, एक पफ सोडायचा आणि तिला स्पेसरमधूनच चार श्वास घ्यायला-सोडायला लावायचे. असे एकामागून एक चार पफ द्यायचे. चारही पफ एकदम स्पेसरमध्ये सोडले तर औषध वाया जातं. मग घड्याळ लावून चार मिनिटं थांबायचं. फरक नसेल तर पुन्हा चार पफ. तरीही फरक नसेल तर १०८ ला फोन करायचा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार पफ देत राहायचं.

ही झाली सर्वसाधारण रीत. या मुलीचा पूर्वेतिहास पाहता मी एक अट जोडली : पुढच्यातलं एकही लक्षण दिसलं तर चार मिनिटांची वाट न पाहता आधी १०८, आणि पफ त्याच वेळी सुरू. तिला एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नाही. श्वास घेताना गळ्याखालची किंवा बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. ओठ निळसर दिसतात. ती गळून जाते, पेंगते. यात सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे शांतता. छातीतून येणारा शिट्टीसारखा आवाज थांबला की माणसाला वाटतं, बरं वाटलं असेल. धाप तशीच असून आवाज थांबला असेल, तर अर्थ उलटा असतो. हवाच आत-बाहेर होत नसेल तर शिट्टी वाजणार कशी? बोटाला लावायचं ऑक्सिमीटर शाळेत असेल तर जरूर लावा, पण त्यावर आकडा ९५ दिसतोय म्हणून फोन करायचं थांबू नका. हा आकडा उशिरा उतरतो.

शिक्षकांची खरी भीती वेगळीच असते : जास्त औषध गेलं तर? पफनंतर हात थरथरतात, छातीत धडधडतं, मूल थोडा वेळ अस्वस्थ होतं आणि मग ते ओसरतं. झटका दम्याचा नव्हताच असं नंतर कळलं, तरी या मात्रेने गंभीर अपाय होण्याची शक्यता फार कमी असते. औषध न दिल्याने मात्र जीव जाऊ शकतो. म्हणून मी सहीनिशी लिहिलं : ‘या सूचनेनुसार पफ देण्यासाठी पालकांच्या किंवा माझ्या परवानगीची वाट पाहू नये.’

ऑगस्टमध्ये या पत्राची वेळ आली. मुलीला दोन दिवस सर्दी होती आणि पंधरा ऑगस्टच्या लेझीमची तालीम तिला चुकवायची नव्हती. तालीम संपली, वर्ग भरला आणि काही मिनिटांत तिचा खोकला थांबेना. बाईंनी तिला नाव आणि इयत्ता विचारली. दोन-तीन शब्दांनंतर तिला श्वास घ्यावा लागत होता. बाईंनी एका मुलीला ऑफिसात पिटाळलं, तिथून १०८ ला फोन गेला आणि इकडे पहिले चार पफ सुरू झाले. पालकांना फोन केला तो त्यानंतर. पत्रात हा क्रम मी अधोरेखित केला होता, कारण बऱ्याच शाळा आधी आईला कळवतात आणि ती येईपर्यंत थांबतात. कुणीतरी चहा आणला, तो बाईंनी बाजूला ठेवला. दुसऱ्या फेरीनंतर खोकला कमी झाला, पण गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत जातच होता, म्हणून तिसरी फेरी दिली. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लागला, रुग्णालयात नेब्युलायझर आणि स्टेरॉइड सुरू झालं. मुलगी दुसऱ्या दिवशी घरी आली.

ॲम्ब्युलन्सला उशीर झाला असता तर काय, हेही पत्रात होतं. ऑक्सिजन आणि चोवीस तास डॉक्टर असलेलं जवळचं रुग्णालय आणि त्याला पर्याय म्हणून दुसरं, अशी दोन नावं-पत्ते लिहिले होते. कोपऱ्यावरचा दवाखाना दुपारी बंद असतो. शाळेच्या गाडीने न्यायचं झालं तर बरोबर दोन मोठी माणसं हवीत. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे बसून पफ देत राहायचं.

झटक्यानंतर पत्रात दोन दुरुस्त्या केल्या. पफ किती वाजता आणि किती दिले, हे लिहायला एक कोरी चौकट जोडली, कारण रुग्णालयात पहिला प्रश्न तोच होता. दुसरी पंपाबाबत. पंपात साधारण २०० पफ असतात, आणि औषध संपल्यावरही दाबला की फवारा निघतो. हलवून किंवा पाण्यात टाकून अंदाज येत नाही. म्हणून आकडा दाखवणाराच पंप आणावा, आकडा २० वर आला की शाळेने पालकांना कळवावं, आणि बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन फवारे हवेत सोडावेत. स्पेसर महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता वाळवावा. पुसला तर प्लास्टिकवर विद्युतभार तयार होतो आणि औषध त्याला चिकटून राहतं. पत्राच्या तळाशी मुदत आहे ३१ मेची. जूनमध्ये मुलीला पुन्हा तपासून पुढच्या वर्गशिक्षिकेच्या नावे नवं पत्र द्यायचं आहे.