सकाळच्या आठ ते दहाचा हिशेब

'आमचं ॲनालायझर जुनं झालं आहे, कामाचा ताण वाढला आहे, तरी नवीन मिळावं ही विनंती.' हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाकडे लॅबप्रमुखांची अशी पत्रं दरवर्षी जातात आणि फाइलला लागून पडून राहतात. तक्रार खरी असते, पण पैसे मंजूर करणाऱ्याला तिच्यातून काहीच मोजता येत नाही. मोजता येईल असं पत्र कसं लिहायचं, ते एका उदाहरणातून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा, तीनशे खाटांचं हॉस्पिटल आहे. साखर, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या अशा रक्तातल्या रसायनांसाठी लॅबमध्ये दिवसाला २६० नमुने येतात. एका नमुन्यावर सरासरी ८ तपासण्या, म्हणजे दिवसाला २०८० तपासण्या. मशीनच्या माहितीपत्रकात वेग लिहिलेला असतो तासाला ४००, पण तो आदर्श परिस्थितीतला. कॅलिब्रेशन, कंट्रोल, पुन्हा लावाव्या लागणाऱ्या तपासण्या आणि मध्येच संपणारं रिएजंट धरलं, तर हाती पडतात तासाला २६०. पत्रात हाच आकडा द्यावा, आणि तो मशीनच्याच नोंदीतून काढावा.

इथे हिशेबनीस लगेच भागाकार करतो: २०८० भागिले २६० म्हणजे आठ तास. मग उरलेले सोळा तास मशीन रिकामंच असतं की! बहुतेक पत्रं इथेच हरतात, कारण दिवसाच्या बेरजेत सकाळची गर्दी दिसत नाही.

उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले ओपीडीचे पेशंट आणि वॉर्डातले सकाळचे नमुने एकाच वेळी येतात. आठ ते दहा या दोन तासांत १३० नमुने, म्हणजे १०४० तपासण्या. तेवढ्यात मशीन करतं ५२०. दहा वाजता ५२० तपासण्या खोळंबलेल्या असतात, म्हणजे तेव्हा मशीनवर पोचलेल्या नमुन्याला दोन तास थांबावं लागतं. पुढे गर्दी ओसरते, तरी नवे नमुने येतच असल्यामुळे हा अनुशेष संपायला दुपारचे दोन वाजतात. म्हणून पत्राला दिवसाच्या बेरजेऐवजी तासवार तक्ता जोडावा.

रिपोर्टच्या वेळेचंही तसंच. रात्रीचे नमुने पटकन निघतात आणि सरासरीला सुसह्य करून टाकतात. त्यापेक्षा सकाळच्या नमुन्यांचा वेगळा आकडा द्यावा: शंभरातले नव्वद रिपोर्ट किती वेळात गेले? उरलेले दहा कुठे अडकले?

मग एक नमुना बारकोडच्या नोंदींवरून टप्प्याटप्प्याने दाखवावा. वॉर्डात सिस्टरनी रक्त घेतलं साडेआठला. लॅबमध्ये पोचलं नऊ वीसला, कारण सगळ्या ट्यूब जमेपर्यंत ट्रे निघालाच नाही. सेंट्रिफ्यूज होऊन मशीनवर लागलं नऊ चाळीसला. निकाल आला साडेअकराला आणि तो तपासून रिपोर्ट सुटला अकरा पन्नासला. एकूण तीन तास वीस मिनिटं. त्यातला मशीनवरचा वेळ एक तास पन्नास मिनिटं. डॉक्टरांचा राउंड तोवर होऊन गेलेला असतो आणि डिस्चार्ज दुपारवर जातो.

यातली वॉर्डातली पन्नास मिनिटं कोणतंही नवं मशीन वाचवणार नाही. हे लॅबप्रमुखाने स्वतःच लिहावं. वॉर्डाचे नमुने सकाळी सहालाच घेऊन पाहिले का, हा प्रश्न येणारच. ते काही आठवडे करून पाहावं, गर्दी किती हलली ते मांडावं आणि मगच मशीन मागावं. अत्यावश्यक नमुन्यांबद्दलही असाच सावधपणा हवा. ते रांग मोडून पुढे लावता येतात, त्यामुळे नोंदींत उशीर दिसत नसेल तर त्यांचं भय दाखवू नये. मात्र मशीन बंद पडलं तेव्हा त्यांचं काय झालं, किती तास गेले आणि किती नमुने बाहेर पाठवावे लागले, हे ब्रेकडाउनच्या वहीतून जरूर द्यावं.

तेवढ्याच क्षमतेचं दुसरं मशीन शेजारी आलं, तर तासाला ५२० तपासण्या होतील आणि आठ ते दहाची गर्दी साधारण दहालाच निपटेल. पण खर्च किमतीवर थांबत नाही. कंट्रोल आणि कॅलिब्रेटर दोन्ही मशीनना लागणार, दोघांचे निकाल जुळतात का ते नियमित पडताळावं लागणार, शिवाय शुद्ध पाणी, यूपीएस आणि देखभालीचा करार आहेच. कंपनीने मशीन फुकट ठेवून रिएजंट घेण्याची अट घातली, तर किंमत रिएजंटमधूनच वसूल होते. म्हणून दोन्ही पर्यायांत एका रिपोर्टला पडणारा खर्च शेजारी शेजारी लिहावा.

आणि शेवटच्या परिच्छेदात एक हमी द्यावी, मागे घेता येणार नाही अशी: 'नवं मशीन लागल्यावर तीन महिन्यांनी हाच तासवार तक्ता पुन्हा सादर करीन. सकाळी नऊपर्यंत लॅबमध्ये पोचलेल्या शंभर नमुन्यांतल्या नव्वदांचे रिपोर्ट साडेदहाच्या आत गेले नसतील, तर कारणासह लेखी उत्तर देईन.'