शेपूट धरून प्रथिन पकडताना

नांदूरघाटच्या शिवारातल्या बीटी कापसात क्राय१एसी हे बोंडअळीला मारक प्रथिन असते. प्रयोगशाळेत अळीवर त्याची मात्रा तपासायची, तर ते शुद्ध हवे. त्यासाठी ई. कोलाय जिवाणूत ते बनवताना टोकाला सहा हिस्टिडिनची शेपूट जोडतात.

जिवाणू फोडून गाळलेला द्रव निकेलच्या स्तंभातून सोडला, की शेपूट निकेलला धरते. पण जिवाणूची स्वतःची काही हिस्टिडिनयुक्त प्रथिनेही चिकटतात. स्लायडी त्यांत कुप्रसिद्ध. म्हणून आधी सुमारे २० मिलिमोलर इमिडाझोलने धुतात. हे हिस्टिडिनसारखेच असल्याने सैल पकडीची प्रथिने सुटतात. मग सुमारे २५० मिलिमोलरने आपले प्रथिन उतरते.

आता जेल. पूर्ण क्राय१एसीचा पट्टा १३० किलोडाल्टनपाशी दिसावा. ६५पाशी दुसरा दिसला, तर तो परका असेलच असे नाही. आपलेच प्रथिन तुटलेले असू शकते. शेपूट ओळखणाऱ्या अँटिबॉडीने ब्लॉट करावा. पट्टा उजळला, तर बहुधा आपलाच तुकडा. न उजळल्यास मात्र निकाल लागत नाही, कारण शेपूटच तुटून गेलेली असू शकते.

माझ्या मते एकच पट्टा पाहूनही लगेच विश्वास ठेवू नये. जेलवर थोडाच नमुना घातला, तर अशुद्धी रंगतच नाही.