एक किलो डाळ आणि गोवराची सुई

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात सरकारी उपकेंद्रात लहान मुलांना लस फुकट मिळत होती. तरीही 2004 ते 2007 या काळात तिथल्या काही गावांत झालेल्या अभ्यासात शंभरातल्या जेमतेम सहा मुलांचं लसीकरण पूर्ण झालेलं दिसलं. पूर्ण म्हणजे बीसीजी, त्रिगुणीचे तीन डोस, पोलिओचे डोस आणि नवव्या महिन्यात गोवर. त्यासाठी बाळाला घेऊन निदान पाच वेळा तरी केंद्रावर जावं लागतं.

किंमत शून्य असताना मागणी इतकी कमी का, हा प्रश्न त्या एका जिल्ह्यापुरता नाही. लस, शाळा अशा काही गोष्टी माणसं आपल्या मर्जीनं घ्यायला निघाली, तर त्यांना खरोखर जेवढी हवी त्याहून कमीच घेतात. म्हणून सरकारनं त्या पुढे होऊन द्याव्यात, प्रसंगी घ्यायलाही लावाव्यात, अशी मांडणी रिचर्ड मस्ग्रेव्ह या अर्थतज्ज्ञानं 1950च्या दशकात केली. अशा वस्तूंना त्यांनी मेरिट गुड्स हे नाव दिलं.

कमी घेण्याची कारणं गोवरावरून नीट समजतात. गोवर भयंकर वेगानं पसरतो. कोणालाच लस नसेल, तर एक आजारी मूल साधारण 12 ते 18 जणांना तो देतं. त्यामुळे साथ रोखायची तर वस्तीतल्या सुमारे 95 टक्के मुलांना संरक्षण असावं लागतं. तेवढी मुलं सुरक्षित असली की सहा महिन्यांचं तान्हं बाळही वाचतं, कारण त्याच्यापर्यंत विषाणू पोहोचतच नाही. म्हणजे एका आईनं आपल्या मुलाला टोचून घेतलं, तर त्याचा बराचसा फायदा शेजारच्या घरांतही जातो. तिच्या हिशेबात तो फायदा धरला जात नाही. त्यात तिची काही चूक नाही. कोणाच्याच घरगुती हिशेबात तो धरला जात नाही.

दुसरं कारण वेळेचं. रोजगार बुडतो तो आज. त्रिगुणीनंतर बाळाला ताप येतो आणि ते रात्रभर रडतं, तेही आजच. लाभ मात्र पुढे कधीतरी होणार आणि तो दिसणारही नाही, कारण न झालेला गोवर कोणाला दिसत नाही. 'पुढच्या महिन्यात नेऊ' असं म्हणणारी आई लसीच्या विरोधात नसते. तिचा पुढचा महिना लांबत जातो, एवढंच. तिसरी गोष्ट म्हणजे निर्णय घेणारं एक आणि परिणाम भोगणारं दुसरं. ज्याला न्यूमोनिया होणार किंवा ज्याची शाळा सुटणार, त्या मुलाला कोणी विचारत नाही. मला हे कारण सगळ्यात वजनदार वाटतं. मोठ्या माणसानं स्वतःपुरतं काय करावं, यात सरकारनं नाक खुपसू नये असं म्हणता येतं. मुलाच्या बाबतीत तो युक्तिवाद लंगडा पडतो.

उदयपूरमध्ये सेवा मंदिर या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 134 गावांत याचीच परीक्षा घेतली. एका गटातल्या गावांत काहीच बदल केला नाही. दुसऱ्या गटात दर महिन्याला ठरलेल्या दिवशी गावातच शिबिर भरायचं. नर्स आली की नाही याची वेळ-तारखेच्या फोटोनं खातरजमा व्हायची आणि एक कार्यकर्ता घरोघर जाऊन आयांना आठवण करायचा. हे गरजेचं होतं, कारण त्या भागातल्या उपकेंद्रांतली नर्स साधारण 45 टक्के वेळा गैरहजर असायची. दोन-तीन कोस चालून गेलेली बाई बंद दारावरून परतली, की पुन्हा कशाला जाईल? तिसऱ्या गटात असंच शिबिर, पण प्रत्येक डोसला एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाले की स्टीलच्या ताटांचा संच.

काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण 6 टक्के राहिलं. नियमित शिबिरांनी ते 18 टक्क्यांवर गेलं. डाळ मिळाली तिथे 39 टक्क्यांवर.

नुसत्या शिबिराच्या गावांतही पहिल्या सुईला बहुतेक मुलं आली होती. गळती झाली ती पुढच्या डोसना. म्हणजे लोकांचा लसीवर विश्वास नव्हता, हे म्हणणं टिकत नाही. विश्वास नसता तर पहिल्यालाच कोणी आलं नसतं. डाळीनं कोणाचं मत बदललं नाही. टाळत राहिलेलं काम आजच उरकायला एक निमित्त दिलं.

डाळ वाटणं म्हणजे लाच, अशी टीका झाली. पैशाची उधळपट्टी, असंही म्हटलं गेलं. खर्चाचा हिशेब मात्र उलटा निघाला. पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागे नुसत्या शिबिरात सुमारे 56 डॉलर पडले, तर डाळीच्या शिबिरात 28. नर्सचा दिवस आणि गाडीभाडं दोन्हीकडे तेवढंच होतं. डाळीमुळे ते जास्त मुलांत वाटलं गेलं.

शाळेच्या बाबतीत आपल्याकडे दोन्ही वाटा चोखाळून झाल्या आहेत. शाहू महाराजांनी 1917मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. आजची शाळेतली खिचडी ही दुसरी वाट, डाळीच्या जवळची. सक्तीला मात्र मर्यादा हवी. आणीबाणीतल्या नसबंदीच्या मोहिमेत 'तुमच्या भल्यासाठी' म्हणत उद्दिष्टं लादली गेली आणि माणसांच्या शरीरावर जबरदस्ती झाली. तिथे निर्णय प्रौढांच्या स्वतःच्या शरीराचा होता आणि केलेलं सहजी परत फिरणारं नव्हतं. भल्याचा दावा कोणीही करू शकतं. म्हणून तो तपासूनच घ्यावा.

कुठे काय बिघडलंय हे आरोग्य खात्याला आकड्यांवरूनच ओळखता येतं. पहिल्या डोसलाच मुलं कमी असतील, तर केंद्र लांब आहे किंवा बंद आहे. पहिल्याला भरपूर आणि गोवरापर्यंत दहा टक्क्यांहून जास्त गळाली, तर केंद्र आहे, पण लोक परत येत नाहीत. पहिल्या ठिकाणी डाळ वाटून उपयोग नाही. आधी नर्स हवी.

आणि 39 म्हणजे 95 नव्हे. गोवराला उरलेली मुलं पुरतात. 2022च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला साथ आली, ती डोस राहिलेली मुलं दाटीनं राहत होती तिथेच.

पुढे याच अभ्यासकांनी हरियाणात मोबाइल रिचार्ज, एसएमएस आणि गावातले निरोपे असं तिन्ही एकत्र करून पाहिलं. गावकऱ्यांनाच विचारलं, बातमी कोणाच्या तोंडून झपाट्यानं पसरते? ज्यांची नावं आली, त्यांना लसीकरणाच्या दिवसाचा निरोप द्यायला सांगितलं. तिन्ही मिळून गोवराच्या लसीकरणात 44 टक्के वाढ झाली. पण खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे सर्वांत जास्त सुया टोचल्या गेल्या, त्या रिचार्जविना, निरोपे आणि एसएमएस या जोडीनं.