विश्लेषण : अळीच्या फोटोवरून पतंग कोणता, हे का ठरत नाही?

सप्टेंबर २०१८ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली. पोंग्यात बसून पाने कुरतडणाऱ्या या अळीचा फोटो मोबाइलवर काढला, तरी तेवढ्यावर नाव सांगणे कठीण जाते. मक्यावर घाटेअळी असते, जुनी देशी लष्करी अळीही असते, आणि तिन्हींचे रंग हिरव्यापासून तपकिरीपर्यंत बदलतात. म्हणून रंग पाहूच नये.

खूण दोन ठिकाणी असते. डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ आणि शेवटून दुसऱ्या वलयावर चौरसात चार ठळक काळे ठिपके. ‘वाय’सारखी फिकट रेघ इतर अळ्यांतही दिसते, त्यामुळे ठिपक्यांवर भर द्यावा. पाठीचा दुरून काढलेला फोटो इथेच फसतो. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळीवर तर या खुणा दिसतच नाहीत.

पतंगावर यातले काहीच उरत नाही. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरा डाग असतो. मादी मात्र साधी करडी, इतर पतंगांत सहज मिसळणारी.

जोडी खात्रीने जुळवायची तर अळी पाळावी लागते. जाळीचे झाकण असलेल्या डब्यात तळाशी ओलसर माती, रोज मक्याची ताजी पाने. अळ्या एकमेकींना खातात, म्हणून एका डब्यात एकच. ती मातीत कोषात जाते आणि उन्हाळ्यात साधारण आठ-नऊ दिवसांत पतंग निघतो. कधी मात्र डब्यात पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशी सापडते. तिच्या पिल्लाने अळी आतून खाल्लेली असते.