कोटीचे स्वल्पविराम

सोसायटीच्या हिशेबात शिल्लक आहे २३४७०५०० रुपये. एक्सेल बहुतेकदा ती २३,४७०,५०० अशी दाखवतं, कारण त्याची मूळ पद्धत दर तीन आकड्यांनी स्वल्पविराम देण्याची आहे. आपल्याला हवं असतं २,३४,७०,५००, म्हणजे दोन कोटी चौतीस लाख कसे चटकन वाचता येतात.

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये भारतीय पद्धत निवडता येते, पण ती त्या एका संगणकापुरती. तीच फाइल ऑडिटरकडे उघडली की पुन्हा मिलियन दिसू शकतात. म्हणून नियम फाइलमध्येच घातलेला बरा. रकमांचा रकाना निवडून `Ctrl+1` दाबा, `Number` मध्ये `Custom` घ्या आणि `Type` च्या चौकटीत हे लिहा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

अर्धविरामांनी याचे तीन भाग पडतात. रक्कम कोटी किंवा जास्त असेल तर पहिला, लाखाच्या पुढे दुसरा, बाकी सगळ्याला तिसरा. `\,` म्हणजे 'इथे स्वल्पविराम छापच'. हा हुकूम आंधळा असतो. कोटीचा साचा अटीशिवाय वापरला तर पाच हजारांच्या जागी ,,५,००० असं काहीतरी उमटतं. अटी आहेत त्या एवढ्यासाठीच. शंभर कोटींच्या पुढचे जादा आकडे डावीकडे जमतात आणि १२३,४५,६७,८९० दिसतं. आपण 'एकशे तेवीस कोटी' असंच म्हणतो, त्यामुळे माझी तरी त्याला हरकत नाही.

खरी अडचण वजा रकमांची. एक्सेल अशा दोनच अटी घेतं आणि त्या दोन्ही आपण खर्च केल्या. त्यामुळे साडेचार लाखांची तूट तिसऱ्या भागात घरंगळते आणि -४५०,००० दिसते. शेजारी जमेच्या बाजूला ४,५०,००० असल्यावर हा घोळ लगेच कळतो. त्यासाठी `Conditional Formatting` मध्ये दोन नियम करावे लागतात. रक्कम -100000 किंवा त्याहून खाली असेल तर `##\,##\,##0`, आणि त्याच्या वर, -10000000 किंवा त्याहून खाली असेल तर `##\,##\,##\,##0`. वजाचं चिन्ह आपोआप येतं.

या सगळ्यात बदलतं ते फक्त दिसणं. सेलवर क्लिक केल्यावर वरच्या पट्टीत 23470500 तसाच असतो आणि बेरीजही बिनचूक होते. काही जण त्याऐवजी `TEXT` सूत्राने स्वल्पविराम आणतात. त्याने रकमेचा मजकूर बनतो, `SUM` त्या सेलकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि खालची बेरीज मुकाट शून्य येते.