नॅनोसेकंदांवरून मोजलेले अंतर

किल्लीच्या जुडग्याला लावलेला ब्लूटूथ टॅग किती दूर आहे, हे फोन बहुधा त्याच्याकडून आलेल्या रेडिओ संदेशाच्या जोरावरून ठरवतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की संदेशाचा जोर चौथाई होतो. घरात मात्र हा हिशेब चुकतो. मध्ये माणूस उभा राहिला आणि जोर दहावा हिस्सा उरला, तर दोन मीटरवरची किल्ली सहा मीटरपलीकडे भासते. जोर अंतरामुळे घटला की अडथळ्यामुळे, हे फोनला कळायला मार्गच नसतो.

अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ जोराकडे पाहत नाही, वेळ मोजतो. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जाते. टॅग सहा मीटरवर असेल, तर फोनची लहर त्याच्यापर्यंत 20 नॅनोसेकंदांत पोहोचते. टॅग ठरलेला वेळ, समजा एक मिलिसेकंद, थांबून उत्तर पाठवतो. फोनच्या घड्याळात एकूण 10,00,040 नॅनोसेकंद भरतात. त्यांतून थांबण्याचा वेळ वजा करून उरलेले 40 निम्मे केले की 20 नॅनोसेकंद, म्हणजे सहा मीटर.

या हिशेबात खरी गोम घड्याळांची आहे. टॅगमधले स्वस्त स्फटिकाचे घड्याळ फोनच्या तुलनेत दहा लाखांत दहा भागांनी जरी मागेपुढे असले, तरी त्या एका मिलिसेकंदात 10 नॅनोसेकंदांची चूक होते आणि अंतर दीड मीटरने चुकते. म्हणून फोन टॅगच्या उत्तरालाही उत्तर देतो. आता दोन्ही बाजूंनी आपापल्या घड्याळावर फेरी मोजलेली असते, आणि ही दोन मापे एकत्र मांडली की घड्याळांमधली तफावत जवळजवळ नाहीशी होते.

पण वेळ मोजायचा तर लहर नेमकी कधी आली हे कळायला हवे, आणि त्यासाठी पट्टा रुंद लागतो. लहरींचा पट्टा जितका रुंद, तितका स्पंद आखूड. साधारण 500 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला स्पंद दोनेक नॅनोसेकंदांचा, म्हणजे हवेत 60 सेंटिमीटर लांबीचा असतो. भिंतीवर आपटून येणारा प्रतिध्वनी तेवढे जास्त अंतर कापून आला, तर तो मूळ स्पंदामागे वेगळा दिसतो आणि पहिला आलेला तेवढा धरता येतो. एक मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्पंद 300 मीटर लांब होतो. खोलीतले सगळे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून जातात. समोरासमोर, मध्ये काही नसताना, अल्ट्रा-वाइडबँडचे माप त्यामुळे दहा-वीस सेंटिमीटरपर्यंत अचूक येते.

अडथळा यालाही चुकत नाही. जाड भिंतीने किंवा शरीराने सरळ आलेला स्पंद पार दाबला, तर फोन प्रतिध्वनीलाच पहिला समजतो. अशा वेळी अंतर खऱ्यापेक्षा जास्त भरते, कारण वळसा घेतलेली वाट सरळ वाटेहून आखूड असूच शकत नाही. फोन हातात धरून जागेवरच वळताना आकडा एकदम वाढला आणि पुन्हा समोर येताच पूर्ववत झाला, तर लहान आकडा खरा मानावा.