कर्जाचे कागद – लेखांक 6 : जामीनदार म्हणून सही करण्यापूर्वी

मागच्या लेखात कर्जदाराने स्वतः भरायचे कागद पाहिले. आज त्याच फायलीतल्या, थोडे मागे असलेल्या पानांकडे वळू. ही पानं दुसऱ्याच माणसाच्या सहीसाठी असतात. मावसभावाचा फोन येतो, ‘दादा, बँकेत एक सही लागतेय. नुसती फॉर्मॅलिटी आहे, हप्ते मीच भरणार.’ तो खोटं बोलत नसतो. हप्ते भरण्याची त्याची तयारी खरीच असते. पण कागद त्याची तयारी मोजत नाही. ती बुडाली तर पैसे कोणाकडून येतील, एवढंच कागदाला ठरवायचं असतं.

फॉर्मवर कुठे ‘जामीनदार’ छापलेलं असतं, कुठे ‘हमीदार’. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 126 मध्ये याची व्याख्या आहे: तिसऱ्या माणसाने देणं चुकवलं तर ते आपण देऊ, असं वचन जो देतो तो जामीनदार. साक्षीदाराची सही वेगळी. कागद आपल्यासमोर झाला, एवढंच तो सांगतो. सहकर्जदाराची सही आणखी वेगळी, कारण ते कर्ज पहिल्या दिवसापासून त्याचंही असतं. कोणत्या रकान्यात सही करतोय ते आधी वाचा. टेबलापलीकडचा माणूस बोटाने दाखवेल तिथे सही करू नका.

बहुतेकांचा समज असा, की बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल, त्याचं दुकान, गाडी, घर विकेल, आणि तरीही काही उरलं तरच आपल्याकडे येईल. कलम 128 हे म्हणत नाही. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मुद्दल, व्याज, नोटिशीचा खर्च, सगळी. आणि ती दुसऱ्या नंबरची नसते. बँक ऑफ बिहारच्या 1969 च्या खटल्यात खालच्या न्यायालयाने बँकेला सांगितलं होतं, की आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे मार्ग वापरून संपवा, मग जामीनदाराला हात लावा. सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. बँकेला थांबायलाच लावलं तर जामीन घेण्याचा हेतूच उरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. पन्नास वर्षांहून अधिक काळ हाच कायदा आहे, आणि तरीही दर वर्षी कितीतरी माणसं ‘आधी त्याच्याकडून वसूल करा की’ असं म्हणत शाखेत उभी राहतात.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. मावसभावाने फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपसाठी एका नागरी सहकारी बँकेकडून 5 लाख रुपये घेतले. व्याज 12 टक्के, मुदत 60 महिने, हप्ता सुमारे 11,122 रुपये. जामीनदार दोन: जिल्हा परिषदेत नोकरीला असलेले तुम्ही आणि त्याचा एक मित्र. 18 हप्ते वेळेवर गेले. मग मोठं गिऱ्हाईक तुटलं आणि हप्ते थांबले. त्या दिवशी बाकी सुमारे 3 लाख 80 हजार. दीड वर्षात 2 लाख रुपये भरूनही मुद्दल फक्त 1 लाख 20 हजारांनी उतरलेलं असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. आणखी एक वर्ष काहीच भरलं गेलं नाही तर याच दराने बाकी सुमारे 4 लाख 28 हजार होते. दंडाची आणि नोटिशीची रक्कम वेगळी.

या वर्षभरात तुम्हाला काय कळतं? बहुधा काहीच नाही. एखादा हप्ता चुकला म्हणून जामीनदाराला फोन येईलच असं नाही. 90 दिवस थकलं की बँकेच्या हिशेबात ते खातं एनपीए होतं. जामीन राहिलेलं कर्ज तुमच्या सिबिल अहवालातही दिसतं, आणि तिथली थकबाकी तुमच्या स्वतःच्या गृहकर्जाच्या वेळी समोर येते. बँक उशिरा जागी झाली म्हणून तुम्ही सुटत नाही. नुसत्या दिरंगाईने जामीन संपत नाही, असं कलम 137 स्पष्ट सांगतं.

महाराष्ट्रात पतसंस्था आणि नागरी सहकारी बँकांच्या बाबतीत पुढची पायरी फार झटकन येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली संस्था खातेउतारा जोडून निबंधकांकडे वसुली दाखला मागते. दिवाणी दावा नाही, वर्षानुवर्षांच्या तारखा नाहीत. नोटीस कर्जदाराला येते तशीच दोन्ही जामीनदारांना येते. ‘मी पैसे घेतलेच नाहीत, मी कशाला जाऊ?’ म्हणून जामीनदार सुनावणीला जात नाही, आणि गाडी इथे घसरते. उताऱ्यात जमा न दाखवलेले हप्ते, तुमच्या संमतीविना वाढवलेली रक्कम, तुमची नसलेली सही, हे सगळं सांगण्याची जागा तीच सुनावणी आहे. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण मागायचं तर वसुलीच्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी संस्थेकडे भरावी लागते. आपल्या उदाहरणात 2 लाख 14 हजार, तेही फक्त म्हणणं ऐकून घेण्यासाठी. दाखला वसुली अधिकाऱ्याच्या हाती गेला की जप्ती सुरू होऊ शकते.

दोन जामीनदार आहेत म्हणून बँकेने निम्मे-निम्मे मागितले पाहिजेत असंही नाही. फॉर्मवर ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या’ हे शब्द असतात. त्यांचा अर्थ असा, की सगळी रक्कम बँक एकट्या तुमच्याकडेही मागू शकते. मावसभावाचं वर्कशॉप बंद आहे, मित्राचा पत्ता बदललाय, तुमचा पगार मात्र दर महिन्याला ठरल्या दिवशी जमा होतो. वसुली जिथे सोपी तिथेच होते. जामीनदार म्हणून नोकरदार माणूस शोधतात तो याचसाठी, आणि हे सही मागणाऱ्याने सांगितलं नाही तरी सही करणाऱ्याने मनाशी पक्कं ठेवावं. पगारदार पतसंस्थेत तर कर्जाच्या कागदांबरोबर पगारातून कपात करण्याचं संमतीपत्रही घेतात. ते दिलेलं असेल तर कलम 49 नुसार मालकाला कपात करून रक्कम संस्थेकडे पाठवावीच लागते.

आता हमीपत्राच्या त्या बारीक टाइपाकडे. करार अधिनियमाने जामीनदाराला काही संरक्षणं दिली आहेत. तुमच्या संमतीविना कर्जाच्या अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारांपुरते तुम्ही मोकळे होता. बँकेने कर्जदाराला मोकळं केलं किंवा त्याच्याशी करार करून मुदत वाढवून दिली तरीही तुम्ही सुटता. पण छापील हमीपत्रात बहुधा एक कलम असतं: ‘जामीनदार या कलमांखालील आपले हक्क सोडून देत आहे’ आणि ‘जामीनदारास मुख्य कर्जदारच समजण्यात यावे’. असे हक्क करारानेच सोडून दिले, की न्यायालयातही ते परत मिळवणं कठीण. कायद्याने दिलेली ढाल आपण आपल्याच सहीने परत करतो, आणि ती परत करतोय हे त्या क्षणी ठाऊक नसतं. याबद्दल मला खरोखर चीड येते.

व्यवसायाच्या कॅश क्रेडिट खात्याला जामीन राहत असाल तर आणखी सावध व्हा. तो ‘अखंड जामीन’ असतो. खात्याचं दर वर्षी नूतनीकरण होत राहतं, उचल वर-खाली होते आणि तुमची एकच सही त्या सगळ्या चढउताराला लागू राहते. कलम 130 नुसार पुढच्या व्यवहारांपुरता असा जामीन नोटीस देऊन काढून घेता येतो. पण हमीपत्रात तो हक्कही सोडलेला असेल तर नोटीस चालत नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या खटल्यात जामीनदाराने पाठवलेलं माघारीचं पत्र याच कारणाने निरुपयोगी ठरवलं. मुदत कर्जात तर रक्कम उचलली गेली, की मागे फिरायला वाट जवळजवळ नसतेच. दुसरा जामीनदार उभा करून तुम्हाला मोकळं केल्याचं बँकेने लेखी दिलं, तरच सुटका. मृत्यूनेही आधीचं देणं पुसलं जात नाही. वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरती ती जबाबदारी त्यांच्याकडे जाते.

तुम्ही पैसे भरलेच, तर मात्र कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. कलम 140 आणि 145 नुसार बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क तुमच्याकडे येतात आणि भरलेली रक्कम तुम्ही मावसभावाकडून मागू शकता. कलम 141 नुसार बँकेकडे तारण असलेल्या यंत्रांवरही तुमचा हक्क येऊ शकतो, तो तुम्ही सोडून दिलेला नसेल तर. दुसऱ्या जामीनदाराकडून निम्मा वाटा मागण्याचा हक्क कलम 146 देतं. यासाठी प्रत्येक पावती जपून ठेवा आणि रक्कम कर्जखात्यात जमा झाल्याचा उतारा घ्या. भावाच्या हातात रोख दिलेले पैसे या हिशेबात धरले जात नाहीत. अर्थात ज्याच्याकडे बँकेला देण्यासारखं काही नव्हतं, त्याच्याकडे तुम्हाला द्यायलाही नसतं. हक्क कागदावर असतात, वसुली मात्र माणसाच्या ऐपतीनेच होते.

तेव्हा सहीला बोलावलं, की आधी मंजुरीपत्र आणि हमीपत्राची प्रत घरी मागून घ्या आणि रकमेचा रकाना पाहा. कलम 128 मध्येच ‘करारात वेगळं नसेल तर’ असे शब्द आहेत. म्हणून ‘माझी जबाबदारी रु. 1,50,000 पर्यंत मर्यादित’ अशी ओळ घालून मागण्यात गैर काही नाही. बँक नाही म्हणू शकते, पण मग निदान तिला तुमच्याकडून पूर्ण रक्कम हवी आहे हे स्पष्ट होतं. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. जामीनदार म्हणून कोरे धनादेशही देऊ नका. दुसऱ्याच्या देण्यापोटी दिलेला धनादेश वटला नाही, तरी फौजदारी खटला होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये म्हटलं आहे. आणि रक्कम पाहून स्वतःला एकच प्रश्न विचारा: एवढे पैसे आपल्याला पुढच्या वर्षी भरावे लागले, तर कुठून भरणार? उत्तर सापडत नसेल तर मावसभावाला नाही सांगा. त्याला खरंच मदत करायची असेल तर जेवढे गेले तरी चालतील तेवढे पैसे त्याला उघडपणे द्या.

ज्यांनी आधीच सही केलेली आहे, त्यांनी या आठवड्यात त्या शाखेत एक साधा अर्ज द्यावा: ‘मी अमुक कर्जखात्याचा जामीनदार आहे. खात्याचा आजचा उतारा आणि हमीपत्राची प्रत मिळावी. खातं थकल्यास मला लेखी कळवावे.’ अर्जाची पोच घ्या. कर्ज फिटलेलं असेल तर बेबाकी दाखल्याची प्रत मागा आणि ती पगारपत्रकांच्या फायलीत लावून ठेवा.